प्रभुत्वाच्या गैरवापराचा प्रश्न कसा सोडवावा : बाजारपेठ निश्चितीपासून सुरुवात

स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ वर परीक्षेत काल्पनिक प्रकरण आले की बहुतेक विद्यार्थी थेट कंपनीच्या वर्तनाकडे वळतात. अट जाचक दिसते, दर जास्त वाटतो, म्हणून गैरवापर झाला, असे उत्तर लिहून होते. मात्र कलम ४ मोठ्या कंपनीच्या प्रत्येक कठोर वर्तनाला लागू होत नाही. ते लागू होते ते प्रभुत्व असलेल्या उद्योगाला, आणि प्रभुत्व नेहमी कोणत्या तरी ठरावीक बाजारपेठेतले असते. ती बाजारपेठ आखल्याशिवाय पुढचे एकही वाक्य टिकत नाही. म्हणून या लेखात एकच प्रकरण घेतले असून त्यातील बाजारपेठ निश्चितीवर सर्वाधिक वेळ दिला आहे.

प्रकरण कोल्हापूरच्या गूळ व्यापारातले घेऊ. मार्केट यार्ड आणि गुऱ्हाळे इथल्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यातली असतात, हे त्याचे कारण. कंपन्या, दर आणि टनांचे आकडे मात्र पूर्णपणे काल्पनिक आहेत.

प्रकरण

'क' या कंपनीची कोल्हापूर शहर आणि परिसरात मिळून ६,००० टन क्षमतेची शीतगृहे आहेत. 'ख'ची क्षमता २,००० टन आणि 'ग'ची १,००० टन आहे. या तिन्ही ठिकाणी हंगामात मिळून ९,००० टन गूळ साठवला जातो. 'घ'चे १,००० टनांचे शीतगृह सध्या बटाटा आणि फळे ठेवते, परंतु पंधरा दिवसांत व नगण्य खर्चात ते गुळासाठी वापरता येते आणि 'घ' कोणत्याही दीर्घ कराराने बांधलेला नाही. गुळाच्या तीस किलोच्या एका रव्यासाठी, म्हणजे ढेपेसाठी, शीतगृहाचा हंगामी दर ६० रुपये आहे, तर साध्या गोदामाचा १५ रुपये. शीतगृहचालकाला प्रत्येक रव्यामागे १८ रुपये असा खर्च येतो, जो रवा आलाच नाही तर वाचतो.

सुमारे ५० किलोमीटरवरच्या सांगलीत १०,००० टनांची शीतगृहे आहेत. त्यांपैकी ९,५०० टन जागा बेदाण्यासाठी आधीच नोंदवलेली असते. तिथला दर ५० रुपये असून वाहतूक आणि हमालीचे आणखी १२ रुपये पडतात. बेदाण्याचे चेंबर गुळासाठी वापरायचे तर आर्द्रता नियंत्रणाची यंत्रणा बदलावी लागते आणि त्यात एक पूर्ण हंगाम जातो. चार वर्षांपूर्वी 'क'ने दोन प्रतिस्पर्धी शीतगृहे विकत घेतली. त्याआधी कोल्हापुरातला दर ४५ रुपये होता, आणि तेव्हापासून विजेसह सर्व खर्च रव्यामागे ३ रुपयांनी वाढला आहे.

व्यापाऱ्यांच्या पाहणीत असे आढळले, की आजच्या दरात ५ टक्के वाढ झाली तर साठवणुकीतील शेकडा ४ भाग गूळ साध्या गोदामात जाईल आणि शेकडा ५ भाग सांगलीला जाईल. 'क'ने यंदा दोन अटी घातल्या आहेत : व्यापाऱ्याने हंगामातील आपला सर्व गूळ 'क'कडेच ठेवण्याची लेखी हमी द्यावी, आणि गूळ बाहेर काढताना 'क'चेच ट्रक वापरावेत. यार्डातील एका व्यापाऱ्याने भारतीय स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल केली आहे.

ग्राहक कोण, आणि तो कशासाठी पैसे मोजतो

पहिली पायरी सेवा नेमकी ओळखण्याची. 'क' गूळ विकत नाही, गूळ साठवण्याची सेवा विकते. त्यामुळे गूळ विरुद्ध साखर अशी चर्चा सुरू करणारे उत्तर पहिल्याच परिच्छेदात भरकटलेले असते. ही सेवा घेणारा व्यापारी आहे आणि तो ती धंद्यासाठी घेतो. ग्राहक संरक्षण कायदा शिकून आलेला विद्यार्थी इथे अडखळतो, कारण त्या कायद्यात व्यापारी हेतूने सेवा घेणारा सर्वसाधारणपणे ग्राहक ठरत नाही. स्पर्धा अधिनियमाच्या कलम २(फ) मध्ये, म्हणजे इंग्रजी पाठातील २(एफ) मध्ये, व्यापारी हेतूने सेवा घेणाराही ग्राहकच आहे. हे एका वाक्यात लिहून पुढे जावे. परंतु ते लिहावेच, कारण उत्पादन बाजारपेठेची व्याख्याच ग्राहकाच्या दृष्टीतून केलेली आहे.

आता तो कशासाठी पैसे मोजतो ते पाहावे. गुळाचा हंगाम साधारण दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि त्या काळात यार्डात आवक मोठी असते. हंगाम संपल्यावर चांगला भाव मिळावा म्हणून माल राखून ठेवायचा, तर त्याने पावसाळा पार केला पाहिजे. दमट हवेत गूळ पाघळतो, काळवंडतो, त्याला बुरशी धरते. म्हणजे व्यापाऱ्याला केवळ छप्पर नको असते, पावसाळ्यानंतरही रंग टिकलेला माल हवा असतो. कलम १९(७) मध्ये भौतिक वैशिष्ट्ये किंवा अंतिम वापर, किंमत आणि ग्राहकांची पसंती हे घटक दिले आहेत. ते नुसते क्रमाने उतरवून गुण मिळत नाहीत. प्रत्येक घटकाखाली प्रकरणातील एक तथ्य ठेवावे लागते. अंतिम वापराखाली पावसाळा येतो, किंमतीखाली ६० आणि १५ रुपयांतील तफावत येते.

ही तफावत जपून वापरावी. दोन सेवांच्या दरांत मोठा फरक आहे एवढ्यावरून त्या वेगळ्या बाजारपेठांत पडतात असे सिद्ध होत नाही. त्यातून एवढेच दिसते, की चौपट दर देऊनही व्यापारी शीतगृहाकडे येतात, म्हणजे गोदामात मिळत नाही असे काहीतरी त्यांना इथे मिळते. पर्याय किती जवळचा आहे हे ठरवायला दर हलल्यावर काय होते ते पाहावे लागते.

दरवाढीची चाचणी हाताने करून पाहावी

यासाठी काल्पनिक मक्तेदाराची चाचणी वापरतात. तिला अमेरिकेतील विलीनीकरणविषयक मार्गदर्शक तत्त्वांमुळे १९८२ पासून आजचे रूप मिळाले. एका सेवेचे सर्व पुरवठादार एकाच मालकाच्या हाती आहेत असे क्षणभर धरायचे, त्याने दर थोडासा, साधारण ५ ते १० टक्के, आणि टिकाऊ स्वरूपात वाढवला असे मानायचे, आणि ती वाढ त्याला परवडते का ते पाहायचे. परवडली तर तेवढ्या सेवेची स्वतंत्र बाजारपेठ आहे. ग्राहक निघून गेल्यामुळे परवडली नाही, तर ते जिथे गेले तो पर्याय आत घेऊन चाचणी पुन्हा करायची.

'क'ने दर वाढवला तर ग्राहक 'ख'कडे जातील का, हा इथला प्रश्न नाही. तो प्रश्न विचारला तर प्रत्येक कंपनी स्पर्धेत आहे असेच उत्तर येईल आणि कोणतीच बाजारपेठ आखता येणार नाही. मक्तेदार काल्पनिक आहे, 'क' नव्हे. उत्पादनाच्या पायरीवर तर सांगलीसह सगळी शीतगृहे त्याचीच आहेत असे धरावे, म्हणजे जाण्याचा मार्ग उरतो तो फक्त साध्या गोदामाचा.

आकडेमोड सोपी आहे. हजार रव्यांचा विचार करू. आज प्रत्येक रव्यामागे ६० वजा १८ म्हणजे ४२ रुपये सुटतात, हजारांवर ४२,००० रुपये. दर ५ टक्क्यांनी वाढून ६३ झाला की रव्यामागे ४५ रुपये सुटतात. नफा आधीइतकाच राहण्यासाठी ४२,००० भागिले ४५ म्हणजे सुमारे ९३४ रवे उरले तरी पुरतात. हजारातले ६६ रवे गेले तरी वाढ परवडते, त्याहून अधिक गेले तर नाही. पाहणीप्रमाणे गोदामाकडे शेकडा ४, म्हणजे हजारी ४० रवे जातात. उरलेल्या ९६० रव्यांवर ४३,२०० रुपये सुटतात, आधीपेक्षा १,२०० जास्त. वाढ परवडली, म्हणून साधे गोदाम बाजारपेठेच्या बाहेर राहते.

या आकडेमोडीतून ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की 'काही व्यापारी गोदामाकडे वळतात' हे तथ्य एकट्याने काहीच ठरवत नाही. किती वळतात आणि किती वळले असता वाढ तोट्यात गेली असती, या दोहोंची तुलना निर्णायक असते. पाहणीचे आकडे व्यापाऱ्यांच्या संख्येवर दिले आहेत की मालाच्या प्रमाणावर, हेही पाहून घ्यावे. यार्डातल्या शंभरांपैकी वीस लहान व्यापारी निघून गेले तरी त्यांचा माल शेकडा दोनच असू शकतो.

भारतीय कायद्यात ही चाचणी सक्तीची नाही. कायद्याने सांगितलेले घटक कलम १९(६) आणि १९(७) मध्ये आहेत, आणि चाचणी ही त्या घटकांना शिस्त लावण्याचे साधन आहे. तिला मर्यादाही आहेत. राष्ट्रीय शेअर बाजाराविरुद्धच्या २०११ च्या प्रकरणात चलन वायद्यांवर व्यवहार शुल्कच आकारले जात नव्हते. शून्य दराचे पाच टक्के शून्यच होतात, तेव्हा अशा ठिकाणी चाचणीचा आग्रह धरण्यात अर्थ नसतो.

पुरवठ्याच्या बाजूने पाहणे

जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावे. स्पर्धा (सुधारणा) अधिनियम, २०२३ ने संबंधित उत्पादन बाजारपेठेच्या व्याख्येत पुरवठादाराची बाजूही आणली आहे. किमतीतील लहान आणि कायमस्वरूपी बदलाला प्रतिसाद म्हणून पुरवठादार अल्पावधीत आणि लक्षणीय जादा खर्च वा जोखीम न पत्करता एका सेवेकडून दुसरीकडे वळू शकत असेल, तर त्याही सेवा एकाच बाजारपेठेत येऊ शकतात.

'घ' या कसोटीला उतरतो. पंधरा दिवस पुरतात, खर्च नगण्य आहे, कराराचे बंधन नाही. त्याच्याकडे आज गुळाचा एकही रवा नसला तरी त्याचे १,००० टन मोजले पाहिजेत. सांगलीचे बेदाण्याचे चेंबर मात्र उतरत नाहीत, कारण यंत्रणा बदलायला पूर्ण हंगाम जातो आणि जागा आधीच नोंदवलेली असते. ते फार तर भावी स्पर्धक आहेत, आणि भावी स्पर्धकांचा विचार पुढे प्रभुत्व ठरवताना, प्रवेशातील अडथळ्यांच्या ओघात करायचा असतो. दोन्ही ठिकाणी त्यांना मोजले तर एकच तथ्य दोनदा खर्ची पडते.

सांगली आत की बाहेर

भौगोलिक बाजारपेठ हा या प्रकरणातला खरा वादाचा मुद्दा आहे आणि बचाव पक्षाचा सारा भर त्याच्यावर राहील. आता काल्पनिक मक्तेदाराच्या हाती फक्त कोल्हापूर परिसरातील शीतगृहे आहेत. दर ६३ झाला की सांगलीचा ५० अधिक १२ असा ६२ रुपयांचा पर्याय स्वस्त ठरतो. गोदामाकडे जाणारे हजारी ४० आणि सांगलीकडे जाणारे ५० मिळून ९० रवे निघून जातात. ९१० रव्यांवर ४०,९५० रुपये सुटतात, आधीच्या ४२,००० पेक्षा कमी. वाढ परवडत नाही, म्हणून सांगली बाजारपेठेत आली, असा 'क'चा युक्तिवाद असेल, आणि आकडेमोड म्हणून त्यात चूक नाही.

चूक आहे ती आरंभबिंदूत. आजचा ६० रुपयांचा दरच प्रभुत्वाच्या बळावर वाढवलेला असेल, तर 'क'ने तो पुढचा पर्याय जवळ येईपर्यंत वाढवलेला असणार. कोणताही मक्तेदार असेच करतो. त्या टोकाच्या दरावर उभे राहून पाहिले की दूरचा पर्यायही जवळचा भासतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रकरणात सेलोफेनला इतर लवचिक वेष्टनांबरोबर एकाच बाजारपेठेत धरले. सेलोफेनपैकी जवळपास ७५ टक्के माल त्या कंपनीचा होता, पण सगळी वेष्टने धरली तर सेलोफेनचा एकूण हिस्साच २० टक्क्यांहून कमी भरला आणि कंपनी सुटली. त्या निकालातल्या या दोषाला तेव्हापासून सेलोफेनचा तर्कदोष म्हणतात. कलम ४ च्या प्रश्नात तो हमखास दबा धरून असतो, कारण इथे दर आधीच वाढलेला असल्याचीच तक्रार असते.

उपाय म्हणजे स्पर्धा असतानाचा दर शोधणे. प्रकरणात त्यासाठी तथ्ये दिली आहेत : दोन शीतगृहे विकत घेण्यापूर्वीचा दर ४५, त्यानंतरची खर्चवाढ ३, म्हणून स्पर्धेतला दर अंदाजे ४८ रुपये. त्यावर ५ टक्के वाढ म्हणजे ५० रुपये ४० पैसे. सांगलीचा पर्याय ६२ रुपयांचा, म्हणजे अजून साडेअकरा रुपयांहून अधिक महाग. एक रुपया वाचतो म्हणून सांगलीला निघालेला व्यापारी अकरा रुपये जास्त देऊन तिथे जाणार नाही. गोदामाकडेही ६० रुपयांच्या दराला जेवढे जात होते त्याहून अधिक जाण्याचे कारण नाही, तर ४८ रुपयांच्या दराला हजारी ७४ रवे गेले तरी वाढ परवडते. सांगली बाहेर राहिली.

साध्या गोदामाची चाचणी आपण चढ्या दरावरच केली होती, मग ती रद्द करावी लागेल का, असा प्रश्न इथे पडू शकतो. तशी गरज नाही. हा तर्कदोष बाजारपेठ नेहमी गरजेपेक्षा रुंद दाखवतो. चढ्या दरावरही गोदाम बाहेर राहिले असेल, तर खऱ्या स्पर्धेच्या दरावर ते अधिकच बाहेर राहील.

आकड्यांच्या जोडीला कलम १९(६) मधील घटक लिहावेत : वाहतूक खर्च, ग्राहकांची पसंती आणि नियमित पुरवठ्याची गरज. गिऱ्हाईक आले की माल त्याच दिवशी काढून दाखवता यावा ही व्यापाऱ्याची गरज या शेवटच्या दोन घटकांत बसते. डीएलएफ प्रकरणात २०११ मध्ये आयोगाने गुडगावमधील उच्च श्रेणीची निवासस्थाने अशीच स्थानिक बाजारपेठ धरली होती. किंमत ५ टक्क्यांनी वाढली म्हणून तिथला खरेदीदार शेजारच्या शहराकडे वळणार नाही, असा तिथला विचार होता. मात्र गुडगावच्या घरांवरून कोल्हापूरच्या शीतगृहांचा निष्कर्ष निघत नाही. निकाल पद्धतीसाठी उद्धृत करावा.

सबब, संबंधित बाजारपेठ अशी लिहिता येते : कोल्हापूर शहर आणि लगतच्या परिसरातील, गुळाच्या हंगामी साठवणुकीसाठी उपलब्ध असलेली शीतगृह सेवा.

हिस्सा, प्रभुत्व आणि मग गैरवापर

या बाजारपेठेत एकूण क्षमता १०,००० टन आणि 'क'चा हिस्सा ६० टक्के. 'घ'ला विसरले तर तो ६७ टक्क्यांच्या जवळ जातो, आणि सांगलीची सगळी क्षमता जोडली तर ३० टक्के होतो. परीक्षक आपले मत मान्य करीलच असे नाही, म्हणून पर्यायी उत्तर द्यावे. सांगली आत घेतली तरी गुळाला उपलब्ध असलेलीच जागा मोजता येते आणि ती ५०० टन आहे. मग ६,००० भागिले १०,५०० म्हणजे ५७ टक्के. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा आकडा हाच, कारण भौगोलिक वाद हरलो तरी प्रभुत्वाचा युक्तिवाद त्यामुळे उभा राहतो.

हिस्सा एकटा प्रभुत्व ठरवत नाही. कलम ४ च्या स्पष्टीकरणानुसार स्पर्धेच्या दबावापासून स्वतंत्रपणे वागता येण्याची, किंवा स्पर्धक, ग्राहक अथवा बाजारपेठ यांच्यावर आपल्या बाजूने परिणाम घडवण्याची ताकद पाहायची असते, आणि कलम १९(४) मध्ये हिश्श्याची कोणतीही किमान मर्यादा नाही. 'ख' आणि 'ग' भरलेले आहेत, सांगलीला रूपांतर करायला हंगाम लागतो, व्यापारी विखुरलेले आहेत. 'घ' हा एकच तात्काळ दबाव आणि तो १,००० टनांचा. दर ४८ ऐवजी ६० वर टिकला, ही ताकदीची खूण म्हणून सांगता येते. मात्र तिच्यावर सारा भार टाकू नये. ४८ हा आकडा आपण बाजारपेठ आखताना वापरला आहे, आणि तोच पुढे अन्याय्य दराचा पुरावा म्हणून वापरला तर युक्तिवाद वर्तुळात फिरतो. तो आकडा खरेदीपूर्वीचा दर आणि खर्चवाढ या स्वतंत्र तथ्यांवरून काढला आहे, हे लिहिले की आक्षेप बराचसा निवतो. शीतगृहांची ती खरेदी वैध होती का, हा कलम ५ आणि ६ चा वेगळा प्रश्न आहे. त्यात शिरू नये.

गैरवापराची छाननी आता लवकर होते. सर्व गूळ आपल्याकडेच ठेवण्याची हमी ही कलम ४(२)(अ) खाली अन्याय्य अट म्हणून आणि ४(२)(क) खाली, म्हणजे इंग्रजी पाठातील ४(२)(सी) खाली, बाजारपेठ प्रवेश नाकारणे म्हणून तपासावी. 'ख', 'ग' आणि 'घ' यांची मिळून ४,००० टन क्षमता आहे, सगळा माल तिथे मावत नाही, त्यामुळे मोठ्या व्यापाऱ्याला 'क'कडे काही माल ठेवणे भागच पडते. तेवढ्या अपरिहार्य मालाच्या जोरावर 'क' उरलेला मालही ओढून घेते, हा या अटीचा दंश आहे. निव्वळ चढ्या दराचा आरोप सिद्ध करणे मात्र अवघड असते, आणि उत्तरात तो शेवटी ठेवावा.

ट्रकची अट वेगळ्या जातीची आहे. मूळ कराराशी संबंध नसलेले जादा बंधन म्हणून ती कलम ४(२)(ड), इंग्रजी पाठातील (डी), खाली येते. तिथे शीतगृहाच्या बाजारपेठेतील प्रभुत्व पुरते. परंतु (ई) खाली, म्हणजे एका बाजारपेठेतील प्रभुत्वाच्या बळावर दुसरीत शिरणे किंवा दुसरी राखणे या आरोपाखाली, जायचे असेल तर ती दुसरी बाजारपेठही आखून दाखवावी लागते. कोल्हापुरातून गूळ वाहून नेणारे ट्रक बहुधा इतर मालही नेतात आणि आठवडाभरात भार बदलू शकतात, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूने ती बाजारपेठ गुळापुरती मर्यादित राहत नाही. त्यात 'क'चे प्रभुत्व असण्याची गरज नसते, मात्र अटीमुळे इतर ट्रकमालकांचे काम हिरावले जाते हे तथ्यांवरून दाखवावे लागते. प्रकरणात 'क'च्या ट्रकचे दर किंवा संख्या दिलेली नाही. तेव्हा (ड) चा निष्कर्ष ठामपणे लिहावा आणि (ई) बाबत, आयोगाने कलम २६(१) खाली महासंचालकांकडे चौकशी सोपवली तर त्यांनी कोणती माहिती गोळा करावी, ते सांगून थांबावे.